चौथा पांढरा डाग

आधी शेवट सांगून टाकतो. आजीच्या लग्नाचा उडालेला फोटो मी नीट करून मोठा केला, घरातले सगळे वा वा म्हणाले, आणि आजीनं पहिल्या पाच मिनिटांत त्यातली अशी एक चूक काढली जी मला स्क्रीनवर तीन आठवडे दिसली नव्हती. हे जुन्या फोटोंचं काम मी बरीच वर्षं करतोय, त्यामुळे चूक कशी झाली हे शोधल्याशिवाय चैन पडेना. ते शोधताना जे सापडलं ते सगळं इथे लिहितोय, थोडं लांबेल.

फोटो 1961 चा, काळापांढरा, साधारण 3 बाय 4 इंचाचा, म्हणजे तळहाताएवढा. आजी खुर्चीवर बसलेली, आजोबा बाजूला उभे, त्यांचा एक हात खुर्चीच्या पाठीवर. काळापांढरा आपण नावाला म्हणायचं, त्यात काळं काहीच उरलं नव्हतं, सगळा फिकट पिवळट तपकिरी झालेला. आजोबांचा कोट आणि आजीचे केस कळायचे, चेहऱ्यांच्या जागी दोन उजळ गोल. मी जन्मल्यापासून तो असाच बघतोय. आजीला विचारलं तर म्हणायची, "मला दिसतो की सगळा." म्हणजे तिला आठवायचा, दिसत नव्हता, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलायचं नाही.

घरातलं मत असं की फोटो खिडकीसमोर लावला आणि उन्हानं उडाला. आत्या तर अजून आजोबांना त्यावरून बोल लावते, तिथं खिळा त्यांनी ठोकला होता म्हणून. पण काळ्यापांढऱ्या फोटोचं चित्र चांदीच्या बारीक कणांचं असतं आणि ते उजेडाला बऱ्यापैकी दाद देत नाही, उजेडानं उडतात ते रंगीत फोटो, कारण त्यात रंगद्रव्यं असतात. फ्रेमची मागची पाटी काढल्यावर मी पहिल्यांदा कडा बघितल्या. फोटोचा जो भाग फ्रेमच्या ओठाखाली झाकलेला असतो तिथं ऊन कधीच पोचत नाही. उन्हाचं काम असतं तर तिथली पट्टी गडद राहायला हवी होती, पण ती बाकीच्या फोटोइतकीच पिवळी. म्हणजे रोग आतून आलेला. फोटो धुताना शेवटी हायपो नावाच्या रसायनाच्या पाण्यात बुडवतात, तो हायपो नंतर भरपूर पाण्यानं काढून टाकावा लागतो. घाई झाली, पाणी कमी पडलं की तो कागदात राहतो आणि दमट हवेत वर्षानुवर्षं चांदीवर काम करत बसतो, चांदीचं सल्फाइड होतं आणि काळ्याचं पिवळं. यात सगळ्यात आधी जातात उजळ भाग, कारण तिथं चांदी मुळातच कमी. म्हणून कोट राहिला आणि चेहरे गेले. आजोबा निर्दोष. आत्याला हे सांगितलं तर ती म्हणाली, "तरी खिडकीसमोर लावायला नको होता."

दुसरी भानगड खालच्या बाजूला होती. फोटो आणि काच यांच्यामध्ये जागा नव्हती, फोटो थेट काचेला टेकलेला. ओल आली की फोटोवरचा जिलेटिनचा थर मऊ होतो, गोंदासारखा होतो आणि काचेला धरून बसतो. इथं खालचा जवळजवळ तिसरा हिस्सा, आजीच्या मांडीपासून खाली, काचेला चिकटलेला होता. कधीतरी कुणीतरी तो ओढून काढायचा प्रयत्नही केलेला होता, कारण तिथं जिलेटिन निघून कागद उघडा पडल्याचे पांढरे डाग होते. नंतर स्क्रीनवर मी ते मोजले, चार. हा आकडा लक्षात ठेवा.

अशा वेळी फोटो सोडवायला जायचं नाही. गरम हवा, पाणी, ब्लेड, लोक काहीही करतात आणि चित्र काचेवर राहतं, हातात कोरा कागद येतो. मी काचेसकटच स्कॅन केला. हे जमायला स्कॅनर सीसीडीवाला लागतो. पातळ, स्वस्त स्कॅनर असतात सीआयएसचे, त्यांना काचेला चिकटून असलेलंच नीट दिसतं, दोन मिलिमीटर वर गेलं की धूसर. जिथं फोटो काचेला अर्धवट टेकलेला तिथं तेलाच्या तवंगासारखी रंगीत वर्तुळं आली, ती नंतर हातानं काढावी लागली. स्कॅन 1200 पीपीआयला केला, हिशोब सोपा, फोटो चौपट करून 12 बाय 16 इंचाचा प्रिंट काढायचा तर 1200 भागिले 4, म्हणजे प्रिंटमध्ये इंचाला 300 ठिपके मिळतात आणि तेवढे पुरतात. आजीचा चेहरा मूळ फोटोत हनुवटीपासून कपाळापर्यंत जेमतेम 11 मिलिमीटर होता, स्कॅनमध्ये तो 500 ठिपक्यांच्या आसपास आला.

आणि स्कॅन रंगीत केला. फोटो काळापांढरा आहे म्हणून काळापांढरा स्कॅन करणं ही सगळ्यात कॉमन चूक. रंगीत स्कॅनमध्ये लाल, हिरवा आणि निळा असे तीन चॅनल मिळतात आणि पिवळ्या पडलेल्या फोटोत तिन्ही अगदी वेगळे दिसतात. पिवळा रंग निळा उजेड शोषून घेतो, त्यामुळे जिथं पिवळट चित्राचा नुसता अंश उरलाय तिथं तो निळ्या चॅनलमध्ये गडद दिसतो. लाल चॅनल बघितला तर आजी जवळजवळ गायब, कोरा कागद. निळा चॅनल उघडला आणि नाक, ओठ, भुवया, कानातलं, सगळं आलं, फिकट पण आलं. मी खुर्चीतच जरा मागे सरकलो, इतक्या वर्षांनी आजीचं ते वय मी पहिल्यांदा बघत होतो. निळ्याचा तोटा एवढाच की कागदावरचे पिवळे डागही त्यात तितकेच गडद होतात आणि खरखर जास्त असते, म्हणून एकच स्कॅन न करता चार करून त्यांची सरासरी काढली.

आता चूक जिथं झाली तो भाग.

निळ्या चॅनलमध्ये 0 म्हणजे काळा, 255 म्हणजे पांढरा असं धरलं तर फोटोची कोरी किनार होती 205 च्या आसपास, कारण कागदच पिवळा पडलेला. चेहऱ्याचे उजळ भाग 150 ते 185. चित्र असं फिकट पट्ट्यात अडकलेलं असलं की कर्व्ह्ज लावून त्याला ताणायचं असतं, काळं खाली खेचायचं आणि पांढरं वर. पांढरं कुठं धरायचं हा आपला निर्णय. मी धरलं 190 ला. त्यापेक्षा उजळ जे काही असेल ते सगळं शुभ्र. चेहऱ्याला काही होत नव्हतं, तो 185 च्या आत होता, आणि फोटो एकदम टवटवीत दिसायला लागला, मला तो टवटवीतपणा आवडला, खोटं कशाला बोलू.

यानंतर मी दुरुस्तीला बसलो. खालचे चार पांढरे डाग भरायचे होते. एक आजीच्या गुडघ्याजवळ, दोन खुर्चीच्या पायापाशी, एक तिच्या हातावर. हात मांडीवर, एकावर एक ठेवलेले, वरच्या हाताच्या पहिल्या बोटावर हा डाग, मूळ फोटोत दोन मिलिमीटर लांब. बाकी तीन जसे शुभ्र तसाच हाही शुभ्र. शेजारच्या बोटावरून रंग आणि पोत उचलला, थोडा वळवला, नख हलकं रंगवलं, वीस मिनिटांत बोट तयार. फार सुंदर झालं होतं ते बोट, त्या आठवड्यात दोन जणांना झूम करून दाखवलं.

एका बाबतीत मात्र हात आवरला. आजोबांचा डावा डोळा. निळ्या चॅनलमध्येही तिथं काही सापडेना, भुवईखाली एक उजळ धूसर जागा आणि पापणीची अर्धी रेघ. आत्याकडे आजोबांचे चाळिशीतले फोटो होते, त्यातून डोळा उचलून बसवता आला असता, बरेच जण बसवतात. पण चाळिशीतला डोळा बाविशीतल्या चेहऱ्यावर ठेवला की माणूस कुणीतरी तिसराच होतो, हे मी आधी एकदा करून पस्तावलोय. मी ती जागा धूसरच ठेवली, फक्त डाग पुसले. बाबांनी विचारलं, "हा डोळा राहिला का रे?" म्हणलं राहिला नाही, ठेवलाय.

प्रिंट मॅट कागदावर काढला, चकचकीत कागदावर खिडकीचा उजेड पडला की आजीला काही दिसलं नसतं. 12 बाय 16, फ्रेम नाही, पाठीला जाड पुठ्ठा.

रविवारी सकाळी आजीच्या खोलीत सगळे जमले. मला वाटलेलं ती आधी चेहऱ्यांकडे बघेल, आपण सगळे तेच करतो. पण आजीनं जवळचा चष्मा लावला, पदरानं काचा पुसून परत लावला आणि प्रिंट मांडीवर घेतला. आता जवळचा चष्मा म्हणजे हातभर अंतराचा, तेवढ्या अंतरावर 16 इंचाचा फोटो एका नजरेत मावत नाही, तुकड्यातुकड्यानंच बघावा लागतो. ती खालच्या कडेपासून सुरू झाली. खुर्चीचा पाय. "ही खुर्ची त्या फोटोवाल्याची." मग कपड्याचा काठ, त्यावर बोट फिरवलं, आत्याला म्हणाली, "हे बघ, मी म्हणत होते ना बारीक काठ होता." मग हातांपाशी आली आणि थांबली.

बराच वेळ थांबली. आत्यानं माझ्याकडे बघितलं, तिला वाटलं आजीला भरून आलं.

"अरे," आजी म्हणाली, "माझ्या बोटाची पट्टी कुठं गेली?"

मी म्हणलं कुठली पट्टी.

"पट्टी बांधलेली होती. या बोटाला." आणि तिनं उजव्या हाताचं पहिलं बोट माझ्यापुढे धरलं. त्या बोटाचं नख मधोमध चिरल्यासारखं आहे, एका बाजूनं उचललेलं, मी लहानपणापासून बघतोय, या बोटानं मला हजारदा काही ना काही दाखवलंय, कधी विचारलं नाही की असं का. "दारात सापडलं होतं सकाळी. नख पार काळं निळं. फोटोवाला म्हणाला पट्टीचा हात खाली घ्या, दुसरा वर ठेवा. तर हे म्हणाले," म्हणजे आजोबा, "असू दे, लागलंय तिला, दाबायला नको. मी आपली मान खाली घालून बसले, ते काय बोलले माझ्याशी ते पहिल्यांदाच." मग परत प्रिंटकडे बघून, अगदी साध्या आवाजात, "हा हात माझा नाही."

आणि प्रिंट तिनं बाजूला ठेवला. रागानं नाही, चष्मा काढून घडी घालतात तसा. चेहऱ्यांपर्यंत ती पोचलीच नाही. बाबा म्हणत होते अगं वर बघ, तुमचे चेहरे बघ किती छान आलेत, ती म्हणाली बघते नंतर.

रात्री मी मूळ स्कॅन उघडला, ताणायच्या आधीचा. चारही डागांची आकडेवारी बघितली आणि कपाळावर हात मारला. गुडघ्याजवळचा आणि खुर्चीकडचे दोन, हे तीन 235 च्या आसपास, म्हणजे कोऱ्या किनारीपेक्षाही उजळ, कारण तिथं पिवळं पडलेलं जिलेटिन निघून आतला स्वच्छ थर उघडा पडलाय. फोटोतली कुठलीही खरी वस्तू त्याच फोटोच्या कोऱ्या कागदापेक्षा उजळ असूच शकत नाही, हा एवढा एक नियम तपासला असता तरी भागलं असतं. चौथा डाग होता 191 ते 199. किनारीपेक्षा गडद. म्हणजे तिथं चांदी होती, थोडीशी, पण होती. आणि मी पांढरं धरलं होतं 190 ला, त्यामुळे पट्टी आणि खरे डाग दोन्ही एकाच शुभ्र रंगात जाऊन बसले आणि त्यानंतर मी डाग मोजायला बसलो. क्रमच उलटा झाला. नुकसान कुठं आहे ते कच्च्या स्कॅनवर खूण करून घ्यायचं आणि मग चित्र ताणायचं, हे मी इतरांना शिकवतो, स्वतःच्या आजीच्या वेळी टवटवीतपणाच्या नादात विसरलो.

खात्रीसाठी दुसऱ्या दिवशी फ्रेमची मागची बाजू उघडीच होती तिथून मोबाईलचा टॉर्च लावला आणि पुढून काचेतून भिंग घेऊन बघितलं. कागदातून उजेड येतो तेव्हा तीन डाग दिव्यासारखे पेटले, कडा फाटक्या, तुटक, एका ठिकाणी उचललेल्या थराची बारीक सावली. चौथ्याची कड मऊ, बाकी चित्र जितकं मऊ आहे तितकीच, आणि दोन्ही बाजू एकमेकींना समांतर. फाटलेल्या जिलेटिनला समांतर कडा कशा येतील? शेजारी तीन खरे डाग आहेत म्हणून चौथाही डागच, असं डोळ्यानं परस्पर ठरवून टाकलं होतं.

मूळ स्कॅन 16 बिटचा होता हे नशीब. 191 ते 199 म्हणजे 8 बिटच्या फाईलमध्ये मोजून नऊ पायऱ्या, त्या ताणल्या की चित्राऐवजी पट्टे दिसतात. 16 बिटमध्ये त्याच जागेत दोन हजारांहून जास्त पायऱ्या असतात, कागदावर तरी. तेवढाच भाग वेगळा घेऊन हळूहळू ताणला, खरखर खूप आली, ती सांभाळत सांभाळत, आणि कापडाचे तीन वेढे दिसले, तिरके, आणि नखाच्या बाजूला गाठीचं एक टोक बाहेर आलेलं. मी काहीही रंगवलं नाही. आधीचं सुंदर बोट पुसून टाकलं.

मग पूर्ण फोटोच पुन्हा केला, पांढरं 190 ऐवजी किनारीच्या 205 ला धरून. फोटो पहिल्यापेक्षा जरा मंद झाला, पहिल्यासारखा उठून दिसत नाही, पण गालांवरचा उतार नीट आला, आधी तो थोडा सपाट झाला होता हे मला दोन्ही शेजारी ठेवल्यावर कळलं. आत्याला पहिलाच आवडतो. ती म्हणाली तो मला दे, तिला देऊन टाकला.

दुसरा प्रिंट घेऊन गेलो तेव्हा खोलीत आजी एकटीच होती. तिनं परत जवळचा चष्मा, परत खालच्या कडेपासून, खुर्ची, काठ, काही घाई नाही. हातांपाशी आली. वाकून बघितलं. मग स्वतःचं ते वाकड्या नखाचं बोट प्रिंटवरच्या बोटाशेजारी ठेवलं. 12 बाय 16 मध्येसुद्धा ती पट्टी आठ मिलिमीटरची, तिच्या आताच्या नखापेक्षा लहान.

"गाठ आईनं मारली होती," म्हणाली. "सैल होती. सुटायला लागलेली, बघ."

ते बाहेर आलेलं टोक.

मग तिनं चष्मा काढला, दुसरा, लांबचा, उशाशी असतो तो लावला आणि प्रिंट माझ्या हातात दिला.

"आता तिकडं जाऊन धर. जरा लांब. अजून लांब."

मी दारापर्यंत गेलो, प्रिंट छातीशी धरला, म्हणजे मला फक्त पुठ्ठ्याची पाठ आणि वरून आजीचा चेहरा दिसत होता. ती बघत राहिली. माझे हात दुखायला लागले, पण हलायची हिंमत होईना.

"एक डोळा नीट आला नाहीये त्यांचा," मी म्हणलं, "तिथं काही उरलंच नव्हतं."

"नाही रे," आजी म्हणाली, नजर न हलवता. "तिकडून ऊन येत होतं. ते मिचकावत होते सारखे. फोटोवाला ओरडला दोनदा."